किनारा आपला, शाई यंत्राची

1881 साली स्कॉटलंडमधल्या ब्रेमर गावी पावसाने घरात कोंडून पडलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने सावत्र मुलाच्या सोबतीने एका बेटाचा नकाशा रंगवला. त्या बेटाच्या खाड्या आणि बंदरे पाहता पाहता त्याला झाडीतून डोकावणारी माणसे दिसू लागली, आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी उभी राहिली. पुस्तक 1883 मध्ये निघाले तेव्हा मात्र एक आपत्ती ओढवली होती. प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा वाटेत हरवला होता. मग स्टीव्हन्सनला आपलीच कादंबरी पुन्हा वाचून स्थळांचे सगळे उल्लेख टिपावे लागले आणि त्यांना जुळेल असा नवा नकाशा वडिलांच्या कार्यालयात बसून काढून घ्यावा लागला. हा दुसरा नकाशा आपल्याला कधीच आपला वाटला नाही, असे त्याने पुढे लिहून ठेवले.

कथेसाठी किंवा खेळासाठी कल्पित प्रदेशाचा नकाशा करू पाहणाऱ्याने ही हकिगत लक्षात ठेवावी. नकाशातून कथा उगवते तेव्हा दोन्ही एकमेकांना धरून राहतात. कथा एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे तयार झाला, की सांधे जुळवत बसावे लागते. आज मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन किंवा गप्पांच्या खिडकीतून चित्र काढून देणाऱ्या साधनांमुळे जुन्या चर्मपत्रावरचा, डोंगर-झाडांच्या चिन्हांनी भरलेला नकाशा मिनिटभरात पडद्यावर येतो. तो दिसायला देखणा असतो, पण कथेतली वाट त्याच्यावर सापडत नाही. या लेखात एकाच कल्पित बेटाचा नकाशा सुरुवातीपासून छपाईपर्यंत नेऊन दाखवतो. त्यातला कोणता भाग प्रॉम्प्टवर सोपवावा आणि कोणता हाती ठेवावा, हे त्यातून स्पष्ट होईल.

मॉडेलला नकाशा कसा दिसतो

बहुतेकांचा पहिला प्रॉम्प्ट साधारण असा असतो :

```
A fantasy map of an island, old parchment, very detailed
```

यातून बहुधा एका लाकडी मेजाचे छायाचित्र येते. मेजावर कडा वळलेली गुंडाळी, शेजारी मेणबत्ती, पितळी होकायंत्र, आणि गुंडाळीवर कुठल्याच लिपीत न बसणारी अक्षरे. मागितला होता नकाशा, मिळाले नकाशाचे छायाचित्र. मॉडेलने शब्द आणि चित्रे यांच्या असंख्य जोड्यांतून ओळख बनवलेली असते, आणि ‘जुना नकाशा’ या शब्दांबरोबर अशी मेजावरची चित्रे त्याच्या वाट्याला भरपूर आलेली असतात.

स्टेबल डिफ्यूजनसारखे मॉडेल चित्र कसे घडवते, हे थोडे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. सुरुवातीला नुसता ठिपक्यांचा गोंधळ असतो. मॉडेल प्रत्येक पायरीवर त्यातला थोडा गोंधळ काढून टाकते, आणि काय काढायचे याची दिशा प्रॉम्प्टमधून मिळते. पहिल्या पायऱ्यांत मोठे आकार ठरतात, म्हणजे जमीन कुठे आणि समुद्र कुठे. शेवटच्या पायऱ्यांत रेघा, झाडे, कागदाचा पोत असे बारकावे येतात. यात कुठेही पाणी उतारावरून वाहते किंवा बंदराला समुद्र लागतो असे ज्ञान नियम म्हणून लिहिलेले नसते. नदी म्हणजे जमिनीवरची एक नागमोडी रेघ, एवढाच ठसा असतो. त्यामुळे नकाशाचा ‘चेहरा’ मॉडेल उत्तम काढते. भूगोल मात्र अंदाजाने भरते.

शब्दांतून भूगोल सांगण्यालाही मर्यादा आहे. सुरुवातीच्या स्टेबल डिफ्यूजनमधला प्रॉम्प्ट वाचणारा भाग एका वेळी शब्दांचे 77 तुकडेच घेतो आणि तो मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडलेला आहे. म्हणूनच या लेखातले प्रॉम्प्ट इंग्रजीत आहेत. गप्पांतून चालणारी नवी साधने लांब सूचना वाचतात, मराठीही समजून घेतात. तरी ‘उत्तर टोकापासून दोन बोटे खाली पश्चिमेकडे एक खाडी’ हे वाक्य त्यांच्याकडून नेमके उमटेलच असे नाही. संख्येचेही तसेच. सात गावे मागितली की पाच किंवा नऊ येऊ शकतात.

आधी कथेची मागणी

आपले उदाहरण असे. किशोरवयीन वाचकांसाठी एक साहसकथा दिवाळी अंकात जायची आहे आणि तिला दोन जोडपानांवर पसरलेला नकाशा हवा आहे. बेटाचे नाव घारबेट. दीपगृहाच्या रखवालदाराची नात पूर्व किनाऱ्यावरच्या शिंपलेबंदराहून निघते, नदीच्या काठाने वर चढते, खिंडीतून डोंगर ओलांडते, पलीकडच्या दाट जंगलात उतरते आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेच्या टोकावरच्या पडक्या काळदुर्गापर्यंत पोचते. नैर्ऋत्येला चाच्यांचा उपसागर आहे आणि आग्नेयेला तीन छोटी बेटे.

एवढ्या मजकुरातून नकाशात चुकता कामा नयेत अशा गोष्टी आपोआप निघतात. डोंगररांग उत्तर-दक्षिण जाणारी हवी आणि तिला एक खिंड हवी. नदी डोंगरात उगम पावून पूर्वेला जाणारी हवी. जंगल पश्चिम उतारावर हवे. यामागे कारणही आहे. कथेत पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. तो डोंगराला आदळून पश्चिमेला भरपूर बरसतो आणि पूर्वेकडे पर्जन्यछायेचे कोरडे माळरान उरते. सह्याद्रीच्या दोन बाजूंना राहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. अशा नकाशावर त्याचा लगेच विश्वास बसतो.

जोडपानाची आणखी एक अडचण आत्ताच सोडवावी. अंक उघडला की मधला भाग शिवणीत जातो आणि तिथे छापलेले नीट दिसत नाही. म्हणून डोंगररांग आणि जंगल डाव्या पानावर, बंदर आणि नदीचे मुख उजव्या पानावर, आणि शिवणीच्या जागी नुसते माळरान ठेवले. असा निर्णय कुठलाही प्रॉम्प्ट आपल्या वतीने घेणार नाही.

किनारा हाताने काढा

मॉडेलने काढलेला किनारा बहुधा ओळखू येतो, कारण तो चहूबाजूंनी सारखाच दातेरी असतो. खऱ्या किनाऱ्याला इतका एकसारखा स्वभाव नसतो. कोकणात खडकाळ भूशिरे समुद्रात घुसलेली दिसतात, दोन भूशिरांच्या कुशीत अर्धचंद्राकृती पुळण असते आणि नदी मिळते तिथे खाडी आत शिरलेली असते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र लांबच लांब सपाट वाळू आणि मोठ्या नद्यांचे त्रिभुज प्रदेश आहेत. डोंगर समुद्राजवळ असेल तर किनारा तुटक, मैदान असेल तर गुळगुळीत, एवढे एक सूत्र पाळले तरी कल्पित बेट खरे वाटू लागते. घारबेटाचा पश्चिम किनारा म्हणून खाचाखोचांचा आणि पूर्व किनारा लांब सौम्य वळणांचा.

आकार सुचत नसेल तर नकाशे काढणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. कागदावर मूठभर तांदूळ सांडायचे, बोटाने थोडे ढकलायचे आणि ढिगाच्या कडेने पेन्सिल फिरवायची. जे दाणे दूर उडाले, ती छोटी बेटे. मग कथेच्या गरजेनुसार एखादी खाडी खोल करायची, एखादे टोक लांबवायचे.

पांढऱ्या कागदावर काळ्या जाड स्केचपेनने किनारा पक्का करा. डोंगररांगेच्या जागी टोकदार छोट्या खुणा आणि नदीची एक रेघ काढा. जंगलाच्या जागी हलकी छटा द्या. हे रेखाटन सुबक नसले तरी चालते, कारण तो मॉडेलला दिलेला आराखडा आहे. दिवसाच्या उजेडात मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो घ्या आणि कागद पूर्ण पांढरा, रेघ पूर्ण काळी होईल इतका विरोधाभास वाढवा. कागदावर सावली राहिली तर मॉडेल तिलाही जमिनीचा भाग समजते.

आता हे रेखाटन प्रॉम्प्टबरोबर द्यायचे. स्टेबल डिफ्यूजनमध्ये चित्रावरून चित्र करताना `denoising strength` नावाची मात्रा असते, 0 ते 1 मधली. 0 कडे गेलात तर रेखाटन जवळजवळ तसेच परत येते आणि 1 कडे गेलात तर ते पुसून नवेच चित्र तयार होते. याचे कारण वर सांगितलेल्या पायऱ्यांत आहे. मात्रा जितकी जास्त, तितक्या आधीच्या पायरीपासून मॉडेल काम सुरू करते, आणि किनारा ठरतो तो त्याच सुरुवातीच्या पायऱ्यांत. 0.5 ते 0.65 च्या आसपास सुरुवात करून पाहावी. शाईचा बाज आला पण नैर्ऋत्येचा उपसागर बुजला, तर मात्रा खाली आणावी.

याहून पक्की पकड हवी असेल तर कंट्रोलनेट वापरावे. ल्वमिन झांग आणि मनीष अगरवाला यांनी 2023 मध्ये मांडलेली ही पद्धत आपल्या रेघांना वेगळा मार्गदर्शक म्हणून मॉडेलला जोडते. त्यात कच्च्या रेखाटनासाठी `scribble` हा प्रकार आहे. रेघ जागेवर राहते, आणि पोत व सजावट मॉडेल मोकळेपणाने भरते. मिडजर्नीत दिलेले चित्र मुख्यतः प्रेरणेसारखे वापरले जाते. त्यामुळे तिथे किनारा हुबेहूब राहील अशी अपेक्षा ठेवू नये. गप्पांच्या साधनांना फोटो जोडून ‘किनाऱ्याची रेघ जशीच्या तशी ठेव’ असे सांगता येते. कोणतेही साधन वापरले तरी तपास एकच. आपले मूळ रेखाटन अर्धपारदर्शक करून नव्या चित्रावर ठेवा. कुठे किती सरकले ते लगेच दिसते.

शाई आणि चिन्हे

आराखडा दिल्यावर प्रॉम्प्टला भूगोल सांगायचे काम उरत नाही. त्याने फक्त हात सांगायचा, म्हणजे हा नकाशा कोणत्या साधनाने आणि कोणत्या पद्धतीने काढला आहे. ‘सुंदर’, ‘अद्भुत’, ‘तपशीलवार’ या शब्दांपेक्षा तंत्राची नावे जास्त काम करतात.

```
hand-inked island map, copperplate engraving, sepia line work
flat scan seen straight from above, map fills the frame
mountains as small side-view profiles, light from the left
tiny round trees in clumps, fine parallel lines along the coast
open sea left plain, pale blank background
```

यातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. दुसरी ओळ मेज आणि मेणबत्ती घालवते. तिसऱ्या ओळीतले `side-view` हे शब्द सगळ्यांत मोलाचे आहेत. समोच्च रेषा रूढ होण्यापूर्वीच्या नकाशांत जमीन आकाशातून पाहिलेली असे, पण डोंगर मात्र बाजूने पाहिल्यासारखे छोट्या उंचवट्यांनी दाखवत. अब्राहम ऑर्टेलियसच्या 1570 च्या नकाशासंग्रहात असेच डोंगर पानोपानी आहेत. हा दुहेरी दृष्टिकोन स्पष्ट सांगितला नाही, तर मॉडेल काही डोंगर बाजूने आणि काही उपग्रहाच्या छायाचित्रासारखे वरून काढते, आणि पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहते. उजेड डावीकडून म्हटले की सगळ्या डोंगरांची छाया उजवीकडे पडते आणि सगळी चिन्हे एकाच हातची वाटतात. किनाऱ्यालगतच्या समांतर रेषा ही जुन्या कोरीव नकाशांतली रीत. त्यांच्यामुळे जमीन कुठली आणि पाणी कुठले, हे रंगाशिवाय कळते.

नको असलेल्या गोष्टी प्रॉम्प्टमध्येच ‘no candle’ असे लिहून घालवायचा प्रयत्न अनेकदा उलटतो. जुन्या धाटणीच्या मॉडेलांना नकार नीट कळत नाही. त्यांना ‘candle’ हा शब्द दिसतो आणि मेणबत्ती येते. त्यासाठी स्टेबल डिफ्यूजनमध्ये निराळी चौकट असते. मिडजर्नीत शेवटी `--no` जोडायचे :

```
--no text, letters, table, candle, photo --ar 7:5
```

`--ar 7:5` हे जोडपानाच्या आडव्या आकाराचे प्रमाण आहे. ते आधीच द्यावे, नाहीतर चौकोनी चित्र नंतर कापताना उत्तरेचा दुर्ग कापला जातो.

आता गावे, दुर्ग, दीपगृह. ही नेमक्या जागी आणि नेमक्या संख्येने हवी असतात, म्हणून ती नकाशाच्या प्रॉम्प्टमध्ये घालूच नयेत. त्यांचा वेगळा पत्रक करून घ्यावा :

```
sheet of small map icons, black ink on plain white, same line weight
walled harbour town, fishing village, ruined hill fort, lighthouse
side view, evenly spaced, simple outlines
```

या पत्रकातली जी चिन्हे नकाशाच्या रेघेशी जुळतात ती कापून घ्या आणि क्रिता किंवा गिंपसारख्या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर आपल्या हाताने ठेवा. चिन्ह लहान केले की त्याची रेघही बारीक होते, हे इथे ध्यानात ठेवावे. डोंगराची रेघ जाड आणि गावाची केसासारखी, असे झाले की चिन्ह वरून चिकटवल्यासारखे दिसते. उपाय असा की चिन्हे जवळजवळ हव्या त्या आकारातच मागवायची, आणि एका प्रकारासाठी एकच चिन्ह ठेवायचे. दोन कोळीवाडे दोन निरनिराळ्या चिन्हांनी दाखवले तर वाचक त्यांत अर्थ शोधत बसतो.

नदीवर बोट ठेवून पाहा

सगळ्यांत जास्त चुका नद्यांत निघतात. मॉडेलने काढलेली नदी एका समुद्रातून निघून बेट कापत दुसऱ्या समुद्राला मिळते, डोंगरावर चढते, किंवा वरून खाली येताना फुटत जाऊन तिच्या अनेक नद्या होतात. खरी नदी याच्या उलट वागते. ओहोळ एकत्र येत येत नदी मोठी होते. ती फुटते ती बहुधा मुखाजवळच्या सपाट त्रिभुज प्रदेशात. तलावात कितीही प्रवाह आले तरी बाहेर पडणारा साधारणपणे एकच असतो, कारण पाणी सर्वांत खालच्या कडेवरून निघते आणि तीच कड खोल करत जाते.

तपासाची रीत सोपी आहे. नदीच्या मुखावर बोट ठेवा आणि उगमाकडे सरकवा. प्रत्येक फाट्यापाशी बोट उंच जमिनीकडेच गेले पाहिजे आणि शेवटी डोंगरात पोचले पाहिजे. घारबेटाच्या एका प्रतीत आपली पूर्वेची नदी खिंडीतून पलीकडे गेली होती आणि पश्चिमेच्या खाडीला जाऊन मिळाली होती. दिसायला रेघ सुरेख होती, पण कथेतली मुलगी मग डोंगर न चढताच होडीने पलीकडे गेली असती. अशा वेळी संपूर्ण चित्र पुन्हा काढून घेऊ नये, कारण त्यात जमलेला किनाराही बदलतो. तेवढाच भाग निवडून त्याच्यापुरते नवे चित्र मागावे. या सोयीला `inpaint` म्हणतात. खिंडीच्या भोवती थोडी मोकळी जागा धरून निवड करावी आणि प्रॉम्प्टमध्ये फक्त डोंगरांचे वर्णन ठेवावे. नदी हा शब्द तिथे असला की नदी परत येते.

चर्मपत्र वेगळे, शाई वेगळी

जुनेपणाच्या बाबतीत मॉडेल अतिरेक करते. जळलेल्या कडा, फाटके कोपरे, मध्यभागी काळे डाग, सगळे एकाच वेळी. जपून ठेवलेले जुने नकाशे असे दिसत नाहीत. चर्मपत्र म्हणजे मेंढी, बकरी किंवा वासराचे न कमावता ताणून वाळवलेले कातडे. मध्ययुगातले भूमध्य समुद्राचे नाविक नकाशे अनेकदा एका अख्ख्या कातड्यावर काढलेले असत आणि एका टोकाला जनावराच्या मानेचा निमुळता भाग तसाच राहिलेला असे. कातडे दमटपणाने लाटेसारखे उठते, हाताळणीने कडांना मळते. कागदावर येतात तसे तपकिरी ठिपके ही वेगळी गोष्ट आहे. शाईही बदलते. लोह आणि मायफळ यांची जुनी शाई काळी असते आणि काळाने तपकिरी होत जाते. म्हणून रेघेचा रंग काळ्याऐवजी गडद तपकिरी ठेवला, तर निम्मे जुनेपण तिथेच येते.

चर्मपत्राचा पोत नकाशाबरोबर न मागता स्वतंत्र मागावा :

```
blank vellum sheet, flat scan, even light, pale cream centre
slightly darker edges, faint grain, two soft fold lines
```

मग चित्र-सॉफ्टवेअरमध्ये चर्मपत्र खाली आणि शाईचा नकाशा वर ठेवून वरच्या थराला `Multiply` हा प्रकार द्यावा. या प्रकारात पांढरा भाग नाहीसा होतो आणि काळी रेघ खालच्या पोतावर उतरते. थर वेगळे असल्याचा फायदा पुढे कळतो. काळदुर्गाचे नाव एखाद्या डागावर पडले, तर डाग हलवता येतो. नकाशा आणि चर्मपत्र एकाच प्रॉम्प्टमधून आले असते तर शाई आणि डाग एकमेकांत इतके मिसळतात, की एकाला हात लावला की दुसरे बिघडते.

किती जुने करायचे, याचे उत्तर कथेत शोधावे. घारबेटाचा नकाशा खलाशी आजोबांच्या खिशात वर्षानुवर्षे घडी घालून राहिला, म्हणून दोन घड्यांच्या खुणा आणि बोटांनी मळलेल्या कडा. तो आगीत सापडल्याचा प्रसंग कथेत नाही, म्हणून जळकी कड नाही.

नावे मॉडेलकडून लिहून घेऊ नका

चित्रातली इंग्रजी अक्षरे आता नवी साधने बऱ्यापैकी काढतात. देवनागरीत मात्र अजूनही मात्रा निसटतात, जोडाक्षरे मोडतात आणि ‘दुर्ग’वरचा रफार भलतीकडे बसतो. नकाशावर नाव चुकले तर नकाशाच चुकला. म्हणून शीर्षकाची नक्षीदार चौकट रिकामी ठेवायची आणि सगळी नावे स्वतः घालायची. ‘तिरो देवनागरी मराठी’ किंवा ‘यात्रा वन’ असे मोफत टंक यासाठी उपलब्ध आहेत. इंकस्केपमध्ये काढलेल्या वक्र रेषेवर अक्षरे बसवता येतात, त्यामुळे डोंगररांगेचे नाव रांगेच्या वळणाने जाते.

इथे आपल्या लिपीची स्वतःची एक अडचण आहे. रोमन लिपीतल्या नकाशांत मोठ्या प्रदेशाचे नाव अक्षरे लांब लांब ठेवून पसरवतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटी अक्षरे होऊन पडतो. म्हणून समुद्राचे किंवा माळरानाचे नाव पसरवायचे असेल तर अक्षरांचा आकार वाढवावा, किंवा ते नाव बोरूच्या लेखणीने कागदावर लांब शिरोरेषेने लिहून त्याचा फोटो त्याच `Multiply` थराने नकाशावर उतरवावा. हाताने लिहिलेले नाव हाताने काढल्यासारख्या नकाशाशी टंकापेक्षा चांगले जुळते. पाण्याची नावे तिरकी लिहिण्याची इंग्रजी नकाशांची पद्धत आहे. आपल्याकडे जमिनीची नावे तपकिरी आणि पाण्याची निळसर शाईत लिहिली की तोच भेद स्पष्ट होतो.

छापण्याआधी

पडद्यावर भरलेला दिसणारा नकाशा छपाईत कमी पडतो. अनेक साधने 1000 ते 1500 पिक्सेल रुंदीचे चित्र देतात. जोडपान, म्हणजे आडवा ए-3 कागद, 42 सेंटिमीटर रुंद असतो, आणि इंचाला 300 ठिपके या छपाईच्या मापाने त्याला सुमारे 4960 पिक्सेल लागतात. तिप्पट-चौपट मोठे करणारी साधने आहेत, पण तीही मधले तपशील अंदाजाने भरतात आणि झाडांच्या पुंजक्याला कधी चेहऱ्यासारखा आकार देतात. म्हणून मोठे करण्याचे काम नावे घालण्याआधी करावे, आणि मोठ्या झालेल्या चित्रावरून पुन्हा एकदा नजर फिरवावी. नावे त्यानंतर घातली की ती धारदार राहतात.

प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचे नाव घालून त्याची शैली मागवू नये. वर दिल्याप्रमाणे ताम्रपट्टाचे कोरीवकाम, तपकिरी शाई, बाजूने पाहिलेले डोंगर असे तंत्र सांगितले तर त्याची गरजही पडत नाही. ही तंत्रे शतकानुशतके सर्वांची आहेत. अंकात नकाशाखाली तो कसा तयार केला, हे एका ओळीत छापावे. वाचकाला ते कळायला हवे.

शेवटचा तपास माणसाकडूनच करून घ्या. नकाशाची साधी काळी-पांढरी प्रत काढा, कथा न वाचलेल्या मुलाच्या हातात द्या आणि शिंपलेबंदराहून काळदुर्गाला कसे जाशील, हे बोटाने दाखवायला सांगा. त्याचे बोट नदीने वर, खिंडीतून पलीकडे आणि किनाऱ्याने उत्तरेला गेले तर नकाशा छापायला द्या. ते जिथे अडखळेल, तिथे नवा प्रॉम्प्ट लिहिण्याआधी पेन्सिल घेऊन आपले रेखाटन दुरुस्त करा.